लूपवरची लांब रेघ म्हणजे जास्त वेळ नव्हे: फिजिओच्या ग्राफमध्ये मी कुठं अडकलो

फर्स्ट इयरच्या दुसऱ्या इंटर्नलला प्रेशर-व्हॉल्यूम लूप काढून दिला होता आणि विचारलं होतं की यातली कुठली फेज सगळ्यात जास्त वेळ चालते. मी लिहिलं, आयसोव्हॉल्युमिक कॉन्ट्रॅक्शन. का, तर उजवीकडची उभी रेघ मला सगळ्यात लांब दिसली, खालून पार 80 पर्यंत गेलेली. पूर्ण मार्क गेले. वायवाला परत तेच विचारलं आणि मी परत तेच सांगितलं, आणि सर नुसतं "बसा" म्हणाले. ते "बसा" अजून आठवतं मला. कारण मी अभ्यास केला नव्हता असं नव्हतंच, व्हॉल्व्हची नावं, फेजची नावं, नॉर्मल व्हॅल्यू सगळं पाठ होतं.

कार्डियाक सायकल तुमची वाचून झालीय असं धरतो, म्हणून बेसिक सांगत बसत नाही. ज्यात मी पडलो तो खड्डा मात्र नीट दाखवतो, कारण नंतर डोस-रिस्पॉन्सच्या ग्राफमध्ये पण मी त्याच खड्ड्यात पडलो आणि ते कळायला मला वर्ष लागलं.

आपण फिजिओमध्ये पहिला मोठा ग्राफ शिकतो तो विगर्स डायग्राम. त्यात आडव्या अक्षावर टाइम असतो. एओर्टाचं प्रेशर, व्हेंट्रिकलचं प्रेशर, ईसीजी, हार्ट साउंड, सगळं एकाखाली एक, डावीकडून उजवीकडं वेळ पुढं जाते. महिनाभर तेच बघितल्यावर डोळ्याला सवय लागते की उजवीकडं म्हणजे नंतर, आणि लांब म्हणजे जास्त वेळ. मग लूप येतो. त्यात आडव्या अक्षावर व्हॉल्यूम आहे, टाइम नाहीच कुठं. आणि डोळा मात्र जुन्याच सवयीनं वाचतो.

मला हे समजावलं एका सीनियर ताईनं, सात रस्त्याला चहा पिताना, झेरॉक्सच्या कागदाच्या मागं. एप्रिलची दुपार, हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर पंखा नुसता गरम हवा फेकत होता म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो. ती म्हणाली, "अरे, लूपवर तू पेन्सिल फिरव, पण हार्ट ज्या स्पीडनं जातं त्या स्पीडनं फिरव." रेट 75 धरला तर एक सायकल 0.8 सेकंदाची. त्यात आयसोव्हॉल्युमिक कॉन्ट्रॅक्शनला जवळपास 0.05 सेकंद, इजेक्शनला साधारण पाव सेकंद, आयसोव्हॉल्युमिक रिलॅक्सेशनला 0.06 ते 0.08, आणि उरलेला चारशेच्या आसपास मिलिसेकंदाचा सगळा वेळ फिलिंगला. म्हंजे खालच्या रेघेवर पेन्सिल रेंगाळते आणि उजव्या उभ्या रेघेवर सटकन वर जाते. मी जिला सगळ्यात लांब म्हणत होतो ती वेळेच्या हिशोबानं सगळ्यात छोटी फेज निघाली.

अजून एक गोष्ट तिनं दाखवली. खालची रेघ आणि वरची रेघ, दोन्हींची रुंदी सारखीच, कारण जेवढं रक्त आत आलं तेवढंच बाहेर गेलं, 70 मिली. रुंदी सारखी म्हणून सिस्टोल आणि डायस्टोलची वेळ सारखी असं माझ्या डोक्यात बसलं होतं, तेही चूक. रुंदी म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम, बस. लूपवरून हार्ट रेट निघत नाही, कार्डियाक आउटपुट पण निघत नाही, रेट वेगळा दिला असेल तरच. ऑप्शनमध्ये "हार्ट रेट वाढला" असं दिसलं आणि ग्राफ फक्त लूपचा असला, तर तो ऑप्शन ग्राफवरून कोणाला सिद्धच करता येत नाही.

आता एक केस पूर्ण करून दाखवतो, कारण परीक्षेत हीच येते. एक लूप सॉलिड रेघेचा, एक तुटक रेघेचा. सॉलिडमध्ये खालचा उजवा कोपरा 120 मिलीवर, डावी बाजू 50 मिलीवर. तुटकमध्ये खालचा उजवा कोपरा तिथंच, 120 वर, पण डावी बाजू 70 वर सरकलेली. सॉलिडमध्ये उजवी उभी रेघ 80 ला संपते, तुटकमध्ये 110 ला. वरचा डावा कोपरा सॉलिडमध्ये 100 एमएम एचजीवर, तुटकमध्ये 140 वर. विचारतात, काय बदललं?

बहुतेक जण, मीसुद्धा, लगेच इजेक्शन फ्रॅक्शन काढतात. आधी 120 पैकी 70, म्हंजे 58 टक्के. आता 120 पैकी 50, म्हंजे 42 टक्के. फ्रॅक्शन पडलं, मग कॉन्ट्रॅक्टिलिटी कमी झाली, टिक मारून पुढं. चूक.

कोपरे बघा. खालचा उजवा कोपरा हलला नाही, म्हंजे एंड डायस्टोलिक व्हॉल्यूम तेवढंच, प्रीलोड तेवढाच. उजवी उभी रेघ जिथं संपते तिथं एओर्टिक व्हॉल्व्ह उघडतो, आणि तो उघडतो तेव्हा व्हेंट्रिकलला एओर्टाचं डायस्टोलिक प्रेशर गाठायला लागतं. ते 80 चं 110 झालंय, म्हंजे समोरचा अडथळाच वाढलाय. शेवटी वरचा डावा कोपरा, आणि खरा निकाल इथं लागतो. 100 ला 50 नं भागा, 2. 140 ला 70 नं भागा, परत 2. दोन्ही कोपरे एकाच तिरक्या रेघेवर बसतात, तीच एंड सिस्टोलिक प्रेशर-व्हॉल्यूमची रेघ. रेघ तीच म्हंजे कॉन्ट्रॅक्टिलिटी तीच. आफ्टरलोड वाढला, हे उत्तर. कॉन्ट्रॅक्टिलिटी खरंच पडली असती तर तो कोपरा 70 मिलीवर येऊनही प्रेशर 100 च्या आसपासच राहिलं असतं, म्हंजे भागाकार 1.4, कोपरा जुन्या रेघेच्या खाली. फ्रॅक्शन दोन्हीकडं 42 च येतं, बघा. म्हणूनच फ्रॅक्शनवरून फरक कळत नाही, कोपऱ्यावरून कळतो.

यात मी एक सोय करून घेतलीय, ती रेघ शून्यातून जाते असं धरलं. खऱ्या हार्टमध्ये ती अगदी शून्यातून जात नाही, आडव्या अक्षाला थोडी पुढं छेदते, त्यामुळं परीक्षेत भागाकारापेक्षा पट्टी ठेवून रेघ जुळते का ते बघणं बरं. आणि दुसरं, प्रश्नातला लूप आफ्टरलोड वाढल्यानंतरच्या पहिल्या बीटचा असतो. पुढच्या काही बीटमध्ये आत उरलेलं रक्त साठून एंड डायस्टोलिक व्हॉल्यूम पण वाढतं. दोन पुस्तकात दोन वेगळी चित्रं दिसली तर घाबरू नका, बऱ्याचदा फरक एवढाच असतो.

इथं मनातलं बोलतो. "लूप उंच आणि अरुंद म्हंजे आफ्टरलोड, रुंद म्हंजे प्रीलोड" अशी एका ओळीची पीडीएफ आमच्या बॅचमध्ये फिरायची, आणि माझा रूममेट म्हणायचा, "एवढंच पाठ कर की बे, बास होतं." नाही होत. साध्या प्रश्नाला चालतं, पण पेपर काढणारा कोपरा जरा हलवतो आणि ती ओळ आपटते. आणि जे सर बोर्डवर तयार चित्र लावून पॉइंटर फिरवतात त्यांच्यापेक्षा जे कोऱ्या फळ्यावर आधी दोन अक्ष काढून, युनिट लिहून मगच रेघ काढतात ते सर पकडा, त्यांच्याच मागं बसा. हे माझं ठाम मत आहे.

आता डोस-रिस्पॉन्स. हे फार्माकडं जातं असं वाटतं पण फिजिओच्या पेपरलाही येतं, अ‍ॅसिटिलकोलीन आणि अ‍ॅट्रोपीनची जोडी तर ठरलेली. इंग्रजी एस सारखा कर्व्ह, अ‍ॅट्रोपीन घातलं की तसाच्या तसा उजवीकडं सरकतो, वरची उंची तीच राहते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला विचारलं होतं, एजोनिस्टचा डोस किती वाढवायला लागेल? अक्षावर 1, 10, 100, 1000 असे आकडे होते, निम्मा रिस्पॉन्स आधी 10 वर होता, नंतर 100 वर. मी लिहिलं, "थोडासा वाढवावा लागेल", कारण चित्रात कर्व्ह एकच घर सरकला होता. एक घर म्हंजे दहा पट होतं ते. परत तीच चूक, कागदावरचं अंतर बघितलं आणि अक्ष कशाचा ते बघितलंच नाही.

लॉग अक्षावर डोळा किती फसतो त्याची एक परीक्षा घ्या. 10 आणि 100 च्या बरोबर मधोमध बोट ठेवा आणि आकडा सांगा. बहुतेक जण 55 म्हणतात. तिथं जवळपास 32 आहे. आणि एस आकार तरी कुठून आला? अक्ष लॉगचा घेतला म्हणून आला. साधा एकास-एक बायंडिंगचा हिशोब साध्या अक्षावर काढला तर कर्व्ह सुरवातीला झपकन चढतो आणि मग वाकून सपाट होत जातो, एस बिस काही नाही. त्याच हिशोबात 10 टक्के रिस्पॉन्सपासून 90 टक्क्यांपर्यंत जायला डोस 81 पट लागतो, पण लॉगच्या चित्रात ते दोनच्या आत-बाहेर घरांत मावतं आणि वाटतं, किती पटकन चढला.

कर्व्ह डावीकडं म्हंजे औषध जास्त पोटंट, एवढंच म्हणा, "जास्त चांगलं" लिहू नका. किती वर पोचतो ती एफिकसी, ती उभ्या अक्षावर वाचायची. दोन्ही वेगवेगळ्या दिशेनं वाचायच्या गोष्टी आहेत आणि प्रश्नात मुद्दाम एकत्र टाकतात.

"उजवीकडं सरकला म्हंजे कॉम्पिटिटिव्ह" हेही डोळे झाकून लिहू नका. फिनॉक्सीबेन्झामिन रिसेप्टरला कायमचं चिकटतं, तरी ज्या टिश्यूत रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त असतात तिथं त्याच्या लहान डोसनं कर्व्ह आधी नुसता उजवीकडं सरकतो, उंची तीच राहते, आणि डोस वाढवल्यावर मग उंची पडायला लागते. म्हणून एकाच सरकलेल्या कर्व्हवर निकाल देऊ नका, प्रश्नात ब्लॉकरच्या वाढत्या डोसचे तीन-चार कर्व्ह दिलेत का ते बघा, आणि दिले असतील तर आधी शेवटच्या कर्व्हची उंची मोजा.