चेहरा दाखवायचा की नुसता आवाज? रिटेन्शन मोजण्याआधीची तयारी

उदाहरण एकच धरू. चार मिनिटांचा एक्स्प्लेनर आहे: वनाझहून मेट्रोत बसलात आणि स्वारगेटला जायचंय, तर सिव्हिल कोर्टला गाडी कशी बदलायची. वरची ॲक्वा लाइन उन्नत, खालची पर्पल लाइन भुयारी, आणि नेहमीची गफलत म्हणजे खाली उतरून पिंपरी-चिंचवडच्या बाजूची गाडी पकडणं. हाच मजकूर एकदा नुसत्या निवेदनावर आणि एकदा कॅमेऱ्यासमोरच्या निवेदकासह बनवायचा, आणि कुठल्या आवृत्तीत लोक जास्त टिकतात ते बघायचं.

पहिली तयारी स्क्रिप्टची. त्यातली ‘हे बघा’, ‘इथून असं वळायचं’, ‘मी दाखवतो’ ही वाक्यं आधी काढून टाका. निवेदक हात करून दाखवतोय तोवर ती ठीक असतात, पण नुसत्या आवाजात प्रेक्षक ‘कुठे?’ म्हणून गोंधळतो आणि निघून जातो. मग तो चेहऱ्याअभावी गेला की वाक्यामुळे, हे आलेखावरून कळायला मार्ग नाही. त्याऐवजी ‘स्वारगेटकडे जाणारा फलाट, पुढची स्टेशनं कसबा पेठ आणि मंडई’ असं नाव घेऊन लिहा.

आवाज एकदाच रेकॉर्ड करा. ही या यादीतली सगळ्यात महत्त्वाची बाब, आणि नेमकी हीच सर्रास चुकते. निवेदकाचा कॅमेऱ्यासमोरचा आवाज कॉलर माइकवर आणि निवेदनाचा आवाज वेगळ्या दिवशी बंद खोलीत असं झालं, की दोन आवृत्त्यांमध्ये माइक, वेग, सूर, सगळंच बदलतं. म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या टेकचाच आवाज दोन्हींत वापरा. खोलीत पडदे ओढा, पंखा बंद करा, रस्त्यावरचे हॉर्न आत येत असतील तर वेळ बदला. टाइमलाइन एकच ठेवा आणि दुसऱ्या आवृत्तीत चेहऱ्याच्या जागी फक्त चित्र बदला. लांबी फ्रेमपर्यंत जुळली पाहिजे, नाहीतर सेकंदाला सेकंद लावून बघता येत नाही.

आता चेहरा कुठे दिसणार ते चित्रीकरणाआधीच कागदावर लिहून घ्या. या व्हिडिओसाठी आपण चार तुकडे ठरवू: 0:00 ते 0:14, 1:10 ते 1:24, 2:20 ते 2:36 आणि 3:40 ते 4:00. म्हणजे 240 सेकंदांपैकी 64 सेकंद. नकाशा समजावून सांगण्याची जागा दोन्हींत तीच, चेहरा तिथे येतच नाही. चेहरा फक्त अशा वाक्यांवर, जिथे ऐकलं तरी पुरतं. आवाजाच्या आवृत्तीत त्या 64 सेकंदांवर काय दाखवायचं, हा खरा कस. इंटरनेटवरून उचललेली गर्दीची चित्रं चिकटवलीत, तर परीक्षा त्या चित्रांची होईल. व्हिडिओतलाच नकाशा मोठा करून दाखवा, किंवा बोललेलं वाक्य अक्षरात लिहा. पण नवी माहिती घालू नका.

टेलिप्रॉम्प्टर वापरत असाल तर निवेदकाला कॅमेऱ्यापासून निदान दीड-दोन मीटरवर बसवा. जवळ बसवलं की डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि वाचून दाखवणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आणखी एक मर्यादा मान्य करून ठेवा: निकाल येईल तो या निवेदकाचा, ‘चेहरा’ या गोष्टीचा नाही.

पुढचा प्रश्न लोकांना दोन गटांत कसं वाटायचं. दोन्ही व्हिडिओ चॅनेलवर लागोपाठ टाकू नका. पहिला सबस्क्रायबर बघतात, दुसऱ्यापर्यंत तेच लोक ‘हे तर बघितलंय’ म्हणत येतात. यूट्यूबवरची ‘टेस्ट अँड कंपेअर’ सोय थंबनेल आणि शीर्षकासाठी आहे, व्हिडिओच्या आतल्या मजकुरासाठी नाही. म्हणून दोन्ही अनलिस्टेड ठेवा, आपल्या एका साध्या पानावर एम्बेड करा आणि नाणेफेक पानालाच करू द्या:

```
let v = localStorage.getItem("v");
if (!v) {
  v = Math.random() < 0.5 ? "avaj" : "chehra";
  localStorage.setItem("v", v);
}
```

तोच माणूस त्याच ब्राउझरवर परत आला, तर त्याला तीच आवृत्ती दिसते. थंबनेल आणि शीर्षक दोन्हींना एकच, आणि थंबनेलवर चेहरा नको. चेहरा बघून प्ले दाबलं आणि आत नकाशाच निघाला, तर पहिल्या पाच सेकंदांतली गळती थंबनेलच्या खात्यावर जाते. ऑटोप्ले बंद ठेवा. प्ले दाबणाराच मोजा, नुसतं पान उघडणारा नाही.

मोजणी स्वतःच्या नोंदीवर करा: व्हिडिओ चालू असताना दर दोन सेकंदांनी `getCurrentTime()` नोंदवा. यूट्यूबचा रिटेन्शन आलेख सोबतीला ठीक, पण त्याच्या दोन अडचणी आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पानाऐवजी थेट व्हिडिओची लिंक पुढे पाठवतंच, आणि ते नाणेफेकीविना आलेले लोक त्याच आलेखात मिसळतात. दुसरं, त्या आलेखामागच्या `audienceWatchRatio` या आकड्यात मागे नेऊन पुन्हा बघितलेला भागही धरला जातो. नकाशावर उंचवटा दिसला तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा तिथे लोकांना कळलेलं नसतं.

किती प्रेक्षक लागतील याचा हिशोब आधी. 0:30 ला साधारण 63 टक्के टिकतील असं धरू. दोन आवृत्त्यांत 6 टक्क्यांचा फरक असेल तर तो पकडायला प्रत्येक बाजूला हजाराच्या वर प्रेक्षक हवेत. 10 टक्क्यांचा असेल तर पावणेचारशे पुरतात. प्रत्येकी दीडशेच असतील, तर फरकात 11 टक्के इकडेतिकडे निव्वळ योगायोगानेही होतात. तेव्हा कोथरूड आणि कर्वेनगरचे चार ग्रुप पुरणार नाहीत, हे आधीच कबूल करा. मुख्य आकडा कुठला, 0:30 ची टक्केवारी की सरासरी पाहिलेले सेकंद, तेही आजच लिहून ठेवा. आलेख बघून आकडा निवडला की हवं ते उत्तर मिळतं. रोज डोकावून, फरक दिसला की थांबायचं, हेही नको.

आकडे आले की आधी डोकी मोजा. हजारात 560 आणि 440 अशी वाटणी आली, तर नाणं बिघडलंय; योगायोगाने इतकं तिरपं जवळजवळ कधीच होत नाही. बहुधा एक आवृत्ती काही फोनवर उघडतच नसते. ते दुरुस्त करून नव्याने सुरू करा, जुने आकडे सोडून द्या.

वाचताना एक सापळा आहे. दोन्ही गट सारखे असतात ते फक्त सुरुवातीला. समजा 0:14 ला आवाजाच्या आवृत्तीत 78 टक्के उरले आणि चेहऱ्याच्या आवृत्तीत 84. इथून पुढे आवाजाकडे उरलेले लोक जास्त गरजू आहेत, कारण हौशी मंडळी आधीच गेली. म्हणून 1:10 ते 1:24 मध्ये चेहऱ्याकडे गळती जास्त दिसली, तरी दोष चेहऱ्याचा आहे असं म्हणता येत नाही. पहिला तुकडा आणि संपूर्ण सरासरी यांवर भरवसा ठेवा, मधल्या तुकड्यांकडे इशारा म्हणून बघा. आणि 1:10 ला तेच आकडे 61 आणि 62 झाले असतील, तर चेहऱ्याने त्या सहा टक्क्यांतल्या बहुतेकांना फार तर मिनिटभर थोपवून धरलं, इतकाच त्याचा अर्थ.