स्लॅश कॉर्ड वाजवताना या चुका टाळा

गिटार शिकायला येणारी मुलं मोबाइलवर कॉर्ड उघडून समोर ठेवतात आणि G/B आलं की दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण आधी G आणि मग B मेजर वाजवतात. बाकीचे तिरप्या रेघेनंतरचं अक्षर सोडून देऊन नुसता G वाजवतात. पहिली चूक लगेच कानाला खटकते, त्यामुळे ती सुटते. दुसरी वर्षानुवर्षं राहते, कारण नुसता G वाजवला तरी गाणं चालत राहतं.

रेघेनंतरचं अक्षर हा कॉर्ड नसतो, तो एकच स्वर असतो. कॉर्ड G चाच आहे, फक्त सगळ्यांत खाली G ऐवजी B वाजवा, एवढाच त्याचा अर्थ. G च्या कॉर्डमध्ये G, B, D हे तीनच स्वर. खाली G असेल तर कॉर्ड मूळ जागी, B असेल तर पहिलं इन्व्हर्जन, D असेल तर दुसरं. (C6/9 मधल्या रेघेचा याच्याशी संबंध नाही, तिथे 6 आणि 9 हे कॉर्डमध्ये मिळवायचे स्वर आहेत.)

तो स्वर तिथे का लिहिलाय ते एका ओळीत पाहा: C, G/B, Am. खालचे स्वर वाचले तर C, B, A, म्हणजे सा नी ध. गाणारा वर काहीही गात असो, खाली एक अवरोह चाललेला असतो आणि ऐकणाऱ्याला तो नकळत पुढे नेतो. तिथे नुसता G वाजवला की C वरून G वर उडी, मग पुन्हा वर A ला, आणि अवरोह संपला. म्हणून कागद हातात आला की मी आधी कॉर्ड वाजवत नाही. फक्त खालचे स्वर ओळीने वाचतो आणि एका तारेवर वाजवून पाहतो. ते पायरीपायरीने उतरत किंवा चढत असतील तर एकही स्लॅश सोडायचा नाही. ते मुळातच इकडेतिकडे उड्या मारत असतील आणि गाणं जलद असेल, तर एखादा स्लॅश सोडला तरी माझी हरकत नसते.

आता ज्या चुकीवर माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो ती. डाव्या हाताची बोटं अगदी बरोबर असतात आणि तरीही G/B वाजतच नाही. G/B मी असा धरतो: x20033. डावीकडचा पहिला आकडा सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा, आणि x म्हणजे ती तार वाजता कामा नये. मुलं बोटं ठेवतात, मग सवयीने उजवा हात वरून खालपर्यंत सहाही तारांवर फिरवतात. सहावी तार मोकळी सुटते आणि B च्या खाली E वाजतो. आता कानावर पडणारे स्वर आहेत E, B, D, G. हा Em7 झाला. C, G/B, Am वाजवतोय असं मुलाला वाटत असतं, ऐकणाऱ्याला मात्र C, Em7, Am ऐकू येतं आणि खालची ओळ C, E, A अशी होते. वाईट इतकंच की Em7 बेसूर लागत नाही, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

एका मुलीने मला सांगितलं, “सर, मी सहा महिने हेच वाजवतेय, पण गाण्यातल्यासारखं उतरत नाही.” तिची बोटं निर्दोष होती. मी तिला एवढंच म्हटलं, की G/B धरून ठेव आणि एकेक तार वेगळी छेड. सहाव्या तारेला E वाजला आणि तिला तिथेच कळलं.

उपाय उजव्या हाताचा नाही. सहावी तार टाळून नेमक्या तारा मारायला शिकणं चांगलंच, पण स्ट्रमिंगच्या भरात ते टिकत नाही. तार डाव्या हाताने बंद करायची. तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवताना किंचित पुढे सरकवायची, म्हणजे तिचं टोक सहाव्या तारेला नुसतं टेकेल. दाबायचं नाही, टेकवायचं. अनामिका आणि करंगळी पहिल्या दोन तारांच्या तिसऱ्या फ्रेटवर. मग सहाही तारा मारल्या तरी खाली B च ऐकू येतो.

काही जण शेवटच्या दोन बोटांचा त्रास नको म्हणून x20003 धरतात. त्यात दुसरी तार मोकळी राहून वरही B वाजतो. खाली B, वरही B, म्हणजे कॉर्डचा गंधार दोनदा, आणि तो टोचतो. x20033 मध्ये B फक्त खाली असतो, वर D आणि G. दोन्ही लागोपाठ वाजवून पाहा, मला फरक समजावून सांगावा लागणार नाही. याच कारणाने D/F# मी 2x023x असा धरतो. तर्जनी सहाव्या तारेवर, पाचवी तार तिच्याच पोटाने बंद, आणि पहिली तार सोडून दिलेली, कारण तिच्यावरही F# येतो. अंगठा वरून आणून F# दाबणारेही आहेत. हात मोठा असेल तर खुशाल करा, पाचवी तार तेवढी बंद ठेवा.

स्वतःचं रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून खालचे स्वर तपासू नका. सहाव्या मोकळ्या तारेचा E साधारण 82 हर्ट्‌झचा असतो. छोट्या स्पीकरमधून तो जेमतेम येतो. हेडफोन लावा.

पट्टी बदलताना रेघेच्या दोन्ही बाजू बदलतात. G चा A केला तर G/B चा A/C# होतो, A/B नाही.

कागदावर C, C/B, Am दिसलं की थांबा. अनेकदा तिथे खरं G/B असतं आणि उतरवून घेणाऱ्याने फक्त खालचा स्वर ऐकलेला असतो. C/B मध्ये C आणि B एकमेकांवर घासतात. गाण्यात ती घासणी ऐकू येते का ते आधी पाहायचं.

आता वाद्यवृंदाची गोष्ट. भावगीतांचा एक कार्यक्रम होता, गायिकेची पट्टी काळी चार. काळी चार म्हणजे G#, म्हणून मी कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून G चे आकार वाजवत होतो. एका गाण्याच्या ध्रुवपदाला मी G, D/F#, Em, Em/D, C, G/B, Am, D असं लिहिलं होतं. खालचे स्वर सा नी ध प म ग रे आणि शेवटी प. तालमीत ते काही केल्या उतरेना. गायिका दोनदा म्हणाल्या, “घरी तुम्ही वाजवलंत तेव्हा खालून काहीतरी हात धरून नेत होतं, ते आता नाहीये.” मी अर्धा तास माझी बोटं बदलत बसलो.

मग मी की-बोर्डवाल्याला थांबायला सांगितलं आणि बेस गिटारवाल्याला म्हटलं, “दादा, तुम्ही एकटेच वाजवा बरं.” त्यांनी G#, D#, F, F, C#, G# असं वाजवलं. माझ्या कागदावरचं प्रत्येक पहिलं अक्षर त्यांनी बरोबर अर्धा स्वर वर नेलं होतं आणि रेघेनंतरचं सोडून दिलं होतं. “ते गिटारवाल्यासाठी असतं ना?” त्यांनी विचारलं. की-बोर्डवाल्याचा डावा हातही तेच मूळ स्वर वाजवत होता.

मुद्दा इथे आहे. इन्व्हर्जन कुठलं ते तुमची गिटार ठरवत नाही, सगळ्या वाद्यांत मिळून जो स्वर सर्वांत खाली वाजतो तो ठरवतो. मी कितीही नेटकं D/F# धरलं तरी त्याच्याखाली बेस गिटार मूळ स्वर वाजवत असेल, तर ऐकणाऱ्यासाठी तो साधा मूळ जागेचाच कॉर्ड. शिवाय माझा नी त्याच्या जवळच घोटाळत राहतो, म्हणून सगळं गढूळ होतं.

चूक माझीही होती, मी त्यांना कॅपोचा कागद दिला होता. तेव्हापासून बेससाठी मी वेगळी ओळ लिहितो, प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वरांची, कॉर्ड न लिहिता: G# G F D# C# C A# D#. पुस्तकात Ab, Eb लिहिलेलं सापडेल, पण काळ्या पट्ट्यांवर वाढलेल्या आमच्या मंडळींना G# लगेच कळतं. की-बोर्डवाल्याला सांगतो, डावा हात या ओळीवर ठेवा किंवा उचला. आणि बेस ती ओळ वाजवू लागला की मी माझा खालचा स्वर सोडतो, वरच्या चार तारांवर राहतो. त्या दिवशी एवढंच केलं आणि गायिकेने पुढच्याच फेरीत मान डोलावली.

एकट्याने साथ करताना मात्र सगळी ओळ तुमच्याच हातात असते, आणि तिथे गिटारची एक अडचण येते. G च्या आकारात सा नी ध हे सहाव्या तारेवर तिसऱ्या, दुसऱ्या फ्रेटवरून मोकळ्या तारेपर्यंत येतात. पुढचा प म्हणजे D, आणि मोकळ्या E च्या खाली गिटारवर काहीच नाही. मग Em/D साठी चौथी तार घ्यावी लागते, xx0000, आणि अवरोह मध्येच वर उडी मारतो. सहावी तार D पर्यंत उतरवली तर उडी टळते, पण मग G आणि Em चे सगळे आकार बदलतात. दोन गाण्यांच्या मध्ये ते जमवायला मी तयार नसतो.

म्हणून अवरोहाचं गाणं असलं की पट्टी विचारून आकार निवडतो. काळी दोन असेल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर आणि C चे आकार:

```
C     x32010
G/B   x20033
Am    x02210
Am/G  3x2210
F     133211
C/E   032010
Dm    xx0231
G     320003
```

इथे सा ते ग, सहा स्वर न तुटता उतरतात आणि उडी फक्त Dm ला येते. Am/G मध्ये पाचवी तार बंद ठेवा, नाहीतर G ला चिकटून A गुणगुणतो. पांढरी एक ते काळी दोन एवढ्या पट्ट्यांना हे छान बसतं. काळी चारला हेच आकार हवे तर कॅपो आठव्या फ्रेटवर जातो आणि खालचे स्वर खाली वाटतच नाहीत, तिथे मी G चे आकारच घेतो आणि Em/D ची उडी दिसू नये म्हणून त्या मात्रेला स्ट्रम न करता फक्त चौथी तार हलकेच छेडतो.