दोन उतरणी, दोन ठोकळे आणि खडबडीत कप्पी: मर्यादा भार कसा काढावा

इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पेपरात घर्षणावर एक गणित हमखास येते. पाठीला पाठ लावलेल्या दोन उतरणी असतात, माथ्यावर कप्पी असते, कप्पीवरून दोर गेलेला असतो आणि दोराच्या दोन टोकांना दोन ठोकळे बांधलेले असतात. एका ठोकळ्याचे वजन दिलेले असते. दुसऱ्याचे वजन किती ते किती असले म्हणजे काहीच हलणार नाही, हे काढायचे असते. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मी पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना हा विषय शिकवतो. सूत्रे त्यांची पाठ असतात. गाडी अडते ती दोन जागी: घर्षणाची दिशा आणि दोराचा कप्पीला पडलेला वेढा. म्हणून या दोन जागांवर मी जास्त रेंगाळणार आहे.

आपले उदाहरण असे घेऊ. डावी उतरण ३०° ची. तिच्यावर ठोकळा अ, वजन ४०० न्यूटन. उजवी उतरण ६०° ची. तिच्यावर ठोकळा ब, वजन W, ते काढायचे आहे. दोन्ही उतरणींवर घर्षण गुणांक ०.२०. कप्पी जागेवर घट्ट बसवलेली आहे, फिरत नाही. दोर तिच्यावरून घासत सरकतो आणि दोर-कप्पीचा घर्षण गुणांक ०.२५. दोराचे वजन सोडून देऊ.

पहिली पायरी: कोण कुठे घसरणार, हे आधी लिहा

पेन हातात घेतल्यावर पहिले वाक्य हेच लिहायचे: "ब खाली घसरण्याच्या बेतात आहे, अ वर चढण्याच्या बेतात आहे." हे जास्तीत जास्त W चे प्रकरण. उलटे वाक्य लिहिले की कमीत कमी W चे प्रकरण.

या वाक्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की गणितात घर्षण तीन ठिकाणी आहे: अ खाली, ब खाली आणि कप्पीवर. तिन्ही घर्षणे येऊ घातलेल्या हालचालीला विरोध करतात. म्हणजे दिशा एकदा ठरली की तिन्ही एकदमच ठरतात आणि दिशा उलटली की तिन्ही एकदमच उलटतात. बरीच मुले ठोकळ्यांची घर्षणे उलटवतात आणि कप्पीचे तसेच ठेवतात. ते उत्तर कुठल्याच प्रकरणाचे नसते.

दुसरी पायरी: वेढ्याचा कोन मोजा

घट्ट कप्पीवरून दोर घसरू लागताना एका बाजूचा ताण दुसऱ्यापेक्षा जास्त असतो. किती जास्त, ते ऑयलर-आयटेलवाईन समीकरण सांगते:

```
T(मोठा) = T(लहान) × e^(μ'θ)
```

यातला θ म्हणजे दोर कप्पीला जेवढा चिकटून वळतो तेवढा कोन. सवयीने १८०° धरला जातो, कारण पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांत दोन्ही बाजूंचा दोर सरळ खाली लोंबत असतो. इथे तसे नाही. डावीकडून दोर ३०° च्या चढाने वर येतो आणि उजवीकडे ६०° च्या उताराने खाली जातो. त्याची दिशा एकूण ३० + ६० = ९०° नेच वळते. वेढा तेवढाच, म्हणजे दोन उतरणींच्या कोनांची बेरीज.

हे पटते का, ते दोन टोकांना जाऊन बघा. दोन्ही उतरणी सपाट केल्या तर दोर सरळ जाईल, कप्पीवर वळणार नाही, वेढा शून्य. दोन्ही उभ्या भिंती केल्या तर ९० + ९० = १८०°, तोच नेहमीच्या आकृतीतला वेढा.

कोन रेडियनमध्ये घ्यायचा. ९०° म्हणजे १.५७१ रेडियन. घातांक ०.२५ × १.५७१ = ०.३९३ आणि e^०.३९३ = १.४८१. चुकून ९० तसेच घातले तर ताणांचे गुणोत्तर सुमारे सहा अब्ज येते, त्यामुळे ती चूक लगेच दिसते. १८०° ची चूक मात्र दिसत नाही. तिथे गुणोत्तर २.१९३ येते आणि उत्तर अगदी शहाण्यासारखे वाटते. तिच्याकडे पुढे पुन्हा येतो.

तिसरी पायरी: प्रत्येक ठोकळा सुटा काढा

दोन फ्री बॉडी डायग्राम, दोन्हींत दोर उतरणीला समांतर. उतरणीला लंब दिशेत काही हलत नाही, म्हणून अ ची लंब प्रतिक्रिया ४०० cos ३०° आणि ब ची W cos ६०°. घर्षण म्हणजे त्यांची ०.२० पट.

जास्तीत जास्त W साठी अ वर चढायला बघतोय, म्हणून त्याच्यावरचे घर्षण खाली ओढते. दोराला अ चा उताराकडचा ओढा आणि घर्षण दोन्ही पेलायचे आहेत:

```
T1 = 400 (sin 30° + 0.20 cos 30°)
   = 400 × 0.6732 = 269.3 N
```

ब खाली घसरायला बघतोय. त्याचे घर्षण त्याला वर धरते, म्हणजे दोराचे काम थोडे हलके होते:

```
T2 = W (sin 60° − 0.20 cos 60°) = 0.766 W
```

दोर ब च्या बाजूला सरकू पाहतोय, म्हणून मोठा ताण T2:

```
0.766 W = 269.3 × 1.481 = 398.8
W = 520.6 N
```

आता कमीत कमी W. वाक्य उलटवा: अ घसरतोय, ब चढतोय. तिन्ही घर्षणांची चिन्हे बदलतात आणि मोठा ताण T1 होतो.

```
T1 = 400 (sin 30° − 0.20 cos 30°) = 130.7 N
T2 = 130.7 / 1.481 = 88.3 N
W  = 88.3 / (sin 60° + 0.20 cos 60°) = 91.4 N
```

म्हणजे ब चे वजन सुमारे ९१ न्यूटनपासून ५२१ न्यूटनपर्यंत काहीही असले तरी दोन्ही ठोकळे जागचे हलणार नाहीत. या गणिताचे पूर्ण उत्तर म्हणजे हा पल्ला.

चौथी पायरी: उत्तर ताडून बघा

तिन्ही घर्षणे शून्य करा. मग ४०० sin ३०° = W sin ६०°, W = २३०.९ न्यूटन. हा आकडा पल्ल्याच्या आत पडलाच पाहिजे. बाहेर पडला तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे. मग फक्त कप्पी गुळगुळीत धरा. पल्ला १३५.३ ते ३५१.५ इतका आकसतो. म्हणजे वरची मर्यादा ३५१ वरून ५२१ वर नेली ती एकट्या कप्पीने, पाव फेऱ्याच्या वेढ्याने.

आता १८०° ची चूक. तीच गणिते २.१९३ घालून केली तर जास्तीत जास्त W ७७१ न्यूटन येते. कागदावर ७७१ पर्यंत निर्धास्त आणि प्रत्यक्षात ५२१ ओलांडताच घसरण. चूक धोक्याच्या बाजूला जाते, म्हणून ती मला जास्त खटकते.

आणखी एक जागा सांभाळायची. अ ची उतरण कमी करून १०° केली तर कमीत कमी W च्या प्रकरणात T1 उणे येतो. दोर ढकलू शकत नाही. याचा अर्थ अ स्वतःच्या घर्षणावरच उभा आहे. ०.२० गुणांकाला घसरणीचा कोन ११.३° आहे आणि १०° त्याच्या आत आहे. अशा वेळी W ची खालची मर्यादा शून्य लिहायची.

मधल्या वजनांबद्दल मुले हटकून विचारतात: "सर, W ३०० असेल तर दोरातला ताण किती?" तो या समीकरणांतून ठरत नाही. डावीकडे २०० आणि उजवीकडे २५० न्यूटन ताण असला तरी सगळे जागेवर राहते, डावीकडे २५० आणि उजवीकडे २४० असला तरी राहते. घर्षण मर्यादेला पोचलेले नसते तेव्हा ते गरजेपुरतेच लागते, म्हणून μN हे सूत्र तिथे वापरायचे नाही. ते फक्त घसरणीच्या क्षणासाठी आहे.

घरी करून बघायचे असेल तर

मीटरभर लांबीच्या दोन सारख्या फळ्या, पीव्हीसी पाइपचा तुकडा, सुती दोरी आणि बसके, हलके दोन डबे एवढे पुरते. दोरी आणि पाइप सांगलीत गणपती पेठेत मिळून जाईल. वजनाला डब्यात शाळू भरा. चमच्याने घालता-काढता येतो.

आधी गुणांक मोजा, पुस्तकातले घेऊ नका. फळी आडवी ठेवून तिच्यावर डबा ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. डबा सरकला त्या वेळची टोकाची उंची भागिले फळीचा जमिनीवरचा पल्ला, हा उतरणीचा μ. पाइपसाठी तो आडवा घट्ट बांधा, दोरी वरून टाका, एका बाजूला १०० ग्रॅम लटकवा आणि दुसऱ्या बाजूला घसरेपर्यंत वाढवत जा. इथे वेढा खरोखरच १८०° आहे. २१९ ग्रॅमच्या आसपास दोरी घसरली तर μ' ०.२५ आहे. तुमचा आकडा वेगळा येईल, तो तुमच्या गणितात घाला.

मग फळ्या ३०° आणि ६०° वर लावा. अ मध्ये डब्यासकट ४०० ग्रॅम भरा. वजनांचे गुणोत्तरच लागते, म्हणून न्यूटनऐवजी ग्रॅम चालतात. ब मध्ये २३० च्या आसपास भरून सुरुवात करा आणि चमच्याचमच्याने वाढवा. डबा हलला की त्याच्या आधीच्या चमच्यापर्यंतचे वजन धरा. एकदा सुटलेला डबा थांबत नाही, कारण घसरतानाचे घर्षण थोडे कमी असते, म्हणून खाली जुने पोते पसरून ठेवा. खालच्या मर्यादेसाठी पुन्हा २३० वरून सुरू करून शाळू काढत जा. रिकामा डबा या मर्यादेपेक्षा हलका हवा. माझ्या आकड्यांत ती ९१ ग्रॅम आहे, त्यामुळे स्टीलचा जड डबा चालणार नाही.

आकडे जमत नसतील तर दोरी बघा. ती फळीला समांतर नसून डब्याला किंचित वर उचलत असेल तर लंब प्रतिक्रिया घटते आणि डबा लवकर सुटतो. गाठ आणि पाइपचा माथा फळीपासून सारख्या उंचीवर आणा. शाळू घालताना टेबलाला धक्का लागला तरी डबा मर्यादेच्या आधीच निसटतो. आणि पाइप बांधलेला आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने फिरवून बघा. तो फिरत असेल तर दोरी त्याच्यावर घासतच नाही, e^(μ'θ) लागू पडत नाही आणि दोन्ही बाजूंचे ताण जवळजवळ सारखे होतात. मग तुमचा पल्ला गुळगुळीत कप्पीच्या गणितालाच जुळेल, माझ्या आकड्यांत १३५ ते ३५१.