मेंदूतले पाणी आणि रक्त-मेंदू अडथळा : या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी अनेक वर्षे एकच साधा प्रश्न विचारत आलो आहे : मस्तिष्क-मेरुद्रव, ज्याला आपण सगळे सीएसएफच म्हणतो, मेंदूला कशापासून वाचवतो आणि रक्त-मेंदू अडथळा कशापासून? बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विचार न करता सांगतात, "सर, दोन्ही मेंदूला विषारी द्रव्यांपासून वाचवतात." हे उत्तर परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेल्या चार पानी टिपणांतून आलेले असते, आणि पुढे वॉर्डात होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ तिथेच असते.

सीएसएफ म्हणजे गाळलेले रक्त, ही समजूत

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये कोरॉइड प्लेक्सस नावाचे केशवाहिन्यांचे झुबके असतात आणि सीएसएफचा मोठा भाग तेथे तयार होतो. त्या केशवाहिन्यांना छिद्रे असल्यामुळे रक्तातील पाणी त्यांतून सहज झिरपते, एवढे खरे आहे. मात्र त्यांच्या बाहेर एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचा थर असतो, आणि झिरपलेले पाणी तेथेच अडते. पुढचे काम या पेशी ऊर्जा खर्च करून करतात. पोकळीकडच्या बाजूचे पंप सोडियम आत ढकलतात, त्याच्यामागे क्लोराइड आणि बायकार्बोनेट जातात आणि त्यांच्यामागे पाणी. याचा पुरावा पाहायचा असेल तर पोटॅशियम पाहावे. रक्तद्रवात ते लिटरमागे साधारण 4 ते 4.5 मिलिमोल असते, तर सीएसएफमध्ये 3 च्याही खाली असते, आणि रक्तातले पोटॅशियम वरखाली झाले तरी तेथे फारसे हलत नाही. नुसत्या गाळणीतून हा फरक पडू शकत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध बायकार्बोनेट तयार करणारे विकर रोखते आणि सीएसएफचे उत्पादन घटवते, तेही याच कारणाने.

हा तपशील पाठांतरापुरता नाही. गाळण असते तर कवटीतील दाब वाढताच उत्पादन आपोआप थांबले असते. प्रत्यक्षात या पेशी दाबाची फारशी पर्वा करत नाहीत. तासाला सुमारे 20 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला अर्धा लिटर द्रव त्या बनवत राहतात, आणि संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूभोवती मिळून एका वेळी असतो तो जेमतेम 150 मिलिलिटर.

मी निवासी डॉक्टर असताना हे हिशेबासकट शिकलो. लहान मेंदूतील रक्तस्रावामुळे चौथ्या पोकळीची वाट बंद झालेल्या एका रुग्णाच्या मेंदूतून नळीवाटे पाणी बाहेर काढले जात होते. सीटी स्कॅनला नेताना नियमाप्रमाणे नळीवरची तोटी, म्हणजे थ्री-वे, बंद केला, आणि परत आणल्यावर तो उघडायला मी विसरलो. दोन तासांनी सिस्टरांनी हाक मारली. रुग्णाला एकदा उलटी झाली होती, तो हाकेला उशिरा प्रतिसाद देत होता, नाडी 52 वर आली होती आणि रक्तदाब चढला होता. पाणी साठणाऱ्या पिशवीत मात्र एक थेंबही वाढला नव्हता. दोन तासांचे 40 मिलिलिटर पाणी वाट नसलेल्या पोकळ्यांत साठले होते, आणि कवटी प्रसरण पावत नाही. थ्री-वे उघडून, ठिबक-कक्षाची उंची कानाच्या छिद्राच्या पातळीवरून मोजून नीट लावली आणि पाणी सावकाश येऊ दिले. घाईने नळी खाली सोडली असती तर पाणी एकदम निघून जाऊन वेगळाच अनर्थ ओढवला असता. तासाभरात रुग्ण पुन्हा नीट बोलू लागला. तेव्हापासून खाटेशी परतलो की चादर सरळ करण्याआधी थ्री-वे पाहतो, आणि दर तासाची नोंद शून्य आली तर "आज पाणी कमी आहे" असे कोणालाही म्हणू देत नाही. उत्पादन शून्य होत नसते, तेव्हा नळीच कुठेतरी बंद असते.

सीएसएफचे संरक्षण प्रामुख्याने वजनापासून आणि धक्क्यापासून असते. सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगत असताना त्याचे भासमान वजन 50 ग्रॅमच्या आसपास उरते. पाठीतले पाणी काढल्यानंतर सुईच्या छिद्रातून गळती होत राहिली, तर रुग्णाचे डोके उभे राहताच दुखते आणि आडवे होताच थांबते. तरंगणे कमी होऊन आवरणे ओढली जातात, असे याचे नेहमीचे स्पष्टीकरण आहे.

झटपट सांगायच्या चुका

रक्त-मेंदू अडथळा म्हणजे मेंदूची आवरणे नव्हेत. अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींची पावले हा अडथळा घडवायला मदत करतात, पण खरा अडथळा केशवाहिनीच्याच पेशींमधील घट्ट सांधे हा आहे. तो सगळीकडे नसतो. उलटीच्या केंद्राजवळील एरिया पोस्ट्रेमा मुद्दाम उघडा आहे, म्हणूनच मेंदूत फारसे न शिरणारे डॉम्पेरिडोन हे उलटीवरचे औषधही तेथे काम करते. मेंदुज्वरात ताप उतरला म्हणून पेनिसिलिनची मात्रा कमी करू नये, कारण सूज ओसरली की अडथळा पुन्हा घट्ट होतो आणि औषध आत कमी पोचते.

अडथळ्याला भिंत समजणे

गोल्डमन या संशोधकांनी 1913 च्या सुमारास ट्रायपॅन ब्लू हा रंग प्राण्यांच्या रक्तात सोडला, तेव्हा सारे शरीर निळे झाले आणि मेंदू पांढरा राहिला. तोच रंग सीएसएफमध्ये सोडला, तर मेंदू निळा झाला. म्हणजे अडथळा रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये आहे, तर सीएसएफ आणि मेंदू यांच्यामध्ये तसा नाही. रक्तातील अमिनो आम्लांचे जेवणागणिक होणारे चढउतार, मज्जापेशींना भलतेच उत्तेजित करू शकणारे ग्लुटामेट, अ‍ॅड्रेनालिन आणि बरीचशी औषधे हा अडथळा बाहेर ठेवतो. पण मेंदूला लागणारी साखर तो स्वतःच्या वाहक प्रथिनांवरून आत नेतो. म्हणून त्याला भिंतीपेक्षा जकातनाका म्हणणे मला योग्य वाटते. डोपामिन त्या नाक्यावर अडते आणि त्याहून किंचित मोठे लेव्होडोपा अमिनो आम्लांच्या वाहकावरून आत जाते, तेव्हा केवळ आकारावरून अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत होते.

भिंत समजल्याने होणारी चूक मी एका मधुमेही रुग्णाच्या अहवालात पाहिली. बारा दिवसांचा ताप आणि डोकेदुखी होती, पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट आणि प्रथिने वाढलेली होती, पण साखर 62 आली. छापील मर्यादेत बसते म्हणून कोणीतरी तिच्यापुढे "नॉर्मल" लिहिले. त्याच वेळची रक्तातील साखर 290 होती, म्हणजे गुणोत्तर 0.21. एरवी ते 0.6 च्या आसपास असते. रक्तातील साखर खूप चढली की वाहक पुरे पडत नाहीत आणि गुणोत्तर थोडे घसरते, पण एवढे नाही. हा क्षयाचा मेंदुज्वर निघाला आणि उपचार एक दिवस उशिरा सुरू झाले.

रक्तातील बदल सीएसएफमध्ये दिसायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे ग्लुकोजची बाटली चालू केल्यानंतर घेतलेले रक्त तुलनेसाठी उपयोगाचे नसते. मी रक्ताची नळी आधी भरून घेतो, दोन्ही नळ्यांवर वेळ लिहितो आणि मगच सुईच्या ट्रेला हात लावतो. "नंतर घेऊ, सर" म्हणणाऱ्या निवासी डॉक्टराला मी ती नळी भरेपर्यंत हातमोजे घालू देत नाही.