एका पानाचा सिनॉप्सिस: आधी शेवट लिहा

कादंबरी लिहून झाली आहे आणि संपादकाने एका पानाचा सिनॉप्सिस, म्हणजे संपूर्ण गोष्टीचा सारांश, मागितला आहे, तर सगळ्यात आधी कादंबरीची फाइल बंद करा. ती समोर उघडी असली की हात पहिल्या प्रकरणाकडे जातो, तिथलं वातावरण सोडवत नाही, आणि पान अर्धं भरलं तरी नायिका अजून घराबाहेर पडलेली नसते. माझा पहिला सिनॉप्सिस असाच बुडाला. त्याच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'यानंतर अनेक घडामोडी होऊन कादंबरी एका अनपेक्षित वळणावर संपते.' संपादकाने त्या ओळीखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहून कागद परत पाठवला: 'कोणत्या?'

त्याचं बरोबर होतं. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरची पाठराखण वाचकासाठी असते, तिथे शेवट राखून ठेवणं शोभतं. सिनॉप्सिस वाचणाऱ्याला मात्र हस्तलिखित हातात घेण्याआधी कळायला हवं असतं की ही गोष्ट स्वतःच्या पायावर शेवटापर्यंत चालत जाते का, की मध्येच योगायोगाच्या खांद्यावर बसते. शेवट झाकला की हे तपासण्याची सोयच जाते. म्हणून तयारीचं पहिलं खरं काम म्हणजे शेवट तीन-चार वाक्यांत लिहून काढणं, तोही कोरड्या भाषेत: कोण काय करतं, त्याची किंमत कोण मोजतं, आणि सगळं निवल्यावर कोण कुठे उभं असतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक कादंबरी कल्पू. यामिनी हस्ताक्षरतज्ज्ञ आहे. 14 वर्षांपूर्वी तिने कोर्टात एका मृत्युपत्रावरची सही खरी असल्याचा अहवाल दिला आणि त्यामुळे विलास नावाच्या माणसाचं घर गेलं. 32 प्रकरणांत यामिनीचे गुरू दिगंबर आहेत, तिची मुलगी आणि मुलीचा घटस्फोट आहे, ऑफिसमधलं राजकारण आहे. या कादंबरीचा शेवट 'यामिनीला आयुष्य बदलणारा निर्णय घ्यावा लागतो' असा लिहिला, तर तो कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल. तो असा हवा: 'यामिनी कोर्टाला लेखी कळवते की ती सही बनावट होती, ती दिगंबर यांनी केली होती आणि तिचा स्वतःचा अहवाल चुकीचा होता. तिला यापुढे कोणी साक्षीला बोलावत नाही. विलासला घर परत मिळतं, पण तो तिला माफ करत नाही.' एवढं कागदावर आलं की अर्धी लढाई झाली. हे लिहिता येत नसेल, तर अडचण सिनॉप्सिसमध्ये नाही, कादंबरीच्या शेवटात आहे, आणि ती आत्ताच कळलेली बरी.

आता या शेवटाकडे पाठ न फिरवता मागे मागे चालत जायचं. प्रत्येक पावलाला प्रश्न एकच: हे घडायला त्याआधी काय घडलेलं असायला हवं? यामिनी गप्प बसू शकली असती, मग लिहून का देते? कारण तिला कळतं की तिची चूक नकळत झालेली नव्हती. सहीच्या मधोमध लेखणी उचलून पुन्हा टेकवल्याची बारीक खूण तिने तेव्हाच पाहिली होती. बनावट सहीत अशी खूण बरेचदा सापडते, कारण नक्कल करणारा मध्ये थांबून मूळ सही बघतो. पण 'एवढ्यातेवढ्याने काही ठरत नाही' असं दिगंबर म्हणाले आणि तिने ती खूण अहवालातून गाळली. हे तिला कोण आठवून देतं? स्वतः दिगंबर. ती त्यांच्याकडे का जाते? कारण जुनी फाइल पुन्हा हातात येते. फाइल का येते? कारण विलास काही न मागता एवढंच विचारायला येतो की सही नेमकी कशी तपासतात. मागे चालत गेलं की असे सहा-सात टप्पे हाती लागतात. ते उलट क्रमाने मांडले की सिनॉप्सिसचा सांगाडा तयार.

या फेरीत मुलीचा घटस्फोट कुठेच भेटला नाही, हे लक्षात आलं असेल. कादंबरीत त्यावर चार उत्तम प्रकरणं असतील, पण ती काढून टाकली तरी यामिनी कोर्टात तेच लिहून देते. म्हणजे एका पानात त्याला जागा नाही. (हे वाचून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. कादंबरीतून काहीच जात नाहीये, हे स्वतःला दोनदा सांगावं.) पात्रांचंही तसंच. नावं तीन, फार तर चार. फाइल आणून देणाऱ्या सहकाऱ्याला 'एक सहकारी' म्हटलं तरी भागतं, कारण प्रत्येक नवं नाव वाचणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं आणि ते पुढे उपयोगी पडलं नाही तर तो उगाच शोधत बसतो.

सांगाडा झाला की वाक्यं जोडायची, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का, ते पाहायचं. नुसतं 'आणि मग' बसत असेल तर कारण कुठेतरी गळलेलं आहे. माझ्या कच्च्या खर्ड्यात अशी वाक्यं हमखास असतात: 'जुन्या फायली लावताना यामिनीला मृत्युपत्राची प्रत सापडते. ती दिगंबर यांना भेटते. त्यांचा वाद होतो. ती अस्वस्थ होते.' चारही वाक्यं खरी आहेत, पण एकातून दुसरं निघत नाही, आणि 'अस्वस्थ होते' म्हणजे कशाने, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. तोच मजकूर असा होतो: 'विलासच्या प्रश्नामुळे यामिनी जुनी फाइल उघडते आणि सहीत लेखणी उचलल्याची खूण तिला पुन्हा दिसते. दिगंबर यांनी तिला शिकवण्यासाठी केलेल्या नकली सह्यांतही खूण नेमकी त्याच जागी आहे, म्हणून ती त्यांना जाब विचारायला जाते. ते नाकारत नाहीत, पण आठवण करून देतात की ही खूण तिने तेव्हाही पाहिली होती आणि गाळली होती.' शब्द वाढले, पण आता शेवट याच्या पोटातून निघतो. यामिनीची अवस्था वेगळी सांगावी लागली नाही.

कलाटणीच्या बाबतीत एक खोड मोडावी लागते. 'तेव्हा एक धक्कादायक सत्य समोर येतं' हे वाक्य लिहून आपण थांबतो. सत्य काय, ते लिहा; धक्का ज्याचा त्याला बसेल. 'सही दिगंबर यांनी केली होती' या पाच शब्दांत काम होतं. ते कुठे लिहायचं? शक्यतो कादंबरीच्या वाचकाला जिथे कळतं तिथेच, म्हणजे सिनॉप्सिसमध्येही गोष्ट कशी उलगडते ते दिसतं. मात्र कादंबरी दोन काळांत पुढेमागे हिंदकळत असेल आणि तोच क्रम पाळल्याने पान वाचणारा गोंधळत असेल, तर सरळ काळानुसार सांगावं आणि 'कादंबरीत हे दोन काळ आलटून पालटून येतात' एवढं एक वाक्य टाकावं.

बाकीच्या गोष्टी पटकन उरकण्यासारख्या. काळ वर्तमान. पुरुष तिसरा, कादंबरीत 'मी' बोलत असला तरी. मुख्य पात्राचं नाव पहिल्यांदा येताना ठळक, आणि त्याच वाक्यात वय किंवा काम. संवाद नकोत, प्रकरणांचे क्रमांक नकोत, 'ती हे करू शकेल का?' असले प्रश्न तर नकोतच, कारण उत्तर द्यायला तुम्हीच बसला आहात. ए-4 पान, एका ओळीचं अंतर, 12 पॉइंटचा साधा युनिकोड फाँट घेतला की मराठीत साधारण 400 शब्द बसतात. समास चोरून किंवा अक्षर बारीक करून 500 कोंबलेले पहिल्या नजरेत कळतात. ज्याने मागितलं त्याने मापं दिली असतील तर हे सगळं बाजूला ठेवून त्याची मापं पाळा.

पान छापून घ्या आणि आडवं मधोमध दुमडा. घडीच्या वर काय आहे? आपल्या उदाहरणात यामिनी फाइल उघडते ते कादंबरीतलं 14 वं प्रकरण आहे, म्हणजे ती घटना घडीच्या वर यायला हवी. ती घडीखाली गेली असेल तर सुरुवातीने जागा खाल्ली आहे, आणि त्याची भरपाई नेहमी शेवट करतो. शेवटाला निदान पानाचा पाचवा हिस्सा मिळायला हवा. कापायचं असेल तर पहिल्या परिच्छेदातून कापा. यामिनीचं शिक्षण, तिचं घर, तिची कामावरची पत, यांतलं 'नावाजलेली' हे एक विशेषण पुरतं.

सगळ्यात शेवटी पान अशा माणसाला द्या ज्याने कादंबरी वाचलेली नाही. त्याने ते एकदा वाचावं, कागद उलटा ठेवावा आणि गोष्ट तुम्हाला सांगावी. आवडली का, हे विचारू नका. त्याच्या बोलण्यात 'मग अचानक' कुठे येतं तेवढं ऐका. त्या जागी कडी गळली आहे. माझ्या मैत्रिणीने यामिनीची गोष्ट सांगताना म्हटलं, 'मग अचानक तो घर गेलेला माणूस येतो.' मी विलासला तिसऱ्या परिच्छेदात आणलं होतं, त्याचं घर गेल्याचंही तिथेच सांगितलं होतं. उपाय अर्ध्या वाक्याचा होता. पहिल्याच परिच्छेदात 'तिच्या अहवालामुळे विलासचं घर जातं' हे घातलं, जागा करण्यासाठी यामिनीला मिळालेला पुरस्कार काढला, आणि पान तिला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी ती विलासपाशी अडखळली नाही. दिगंबर सही का करतात, तिथे अडखळली. ते मी लिहिलंच नव्हतं.