प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू करताना या चुका टाळा

वायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्विनने ताप तीन दिवसांत उतरतो, पण यकृतात झोपलेले जंतू त्याने मरत नाहीत. तेच काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थंडी-ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते: दर किलो वजनाला ०.२५ मिलिग्रॅम, रोज एकदा, जेवणानंतर, १४ दिवस.

समजा, तासगावकडचा ६० किलोचा शेतमजूर. त्याचा डोस रोज १५ मिलिग्रॅम. ताप उतरला म्हणून जी-६-पी-डी या एन्झाइमची तपासणी न करताच गोळ्या सुरू झाल्या. इथेच पहिली चूक झाली. हे एन्झाइम तांबड्या पेशींना औषधाच्या माऱ्यापासून वाचवते. ते कमी असेल तर पेशी रक्तातच फुटतात. एरवी अशा माणसाला काहीच त्रास नसतो, त्यामुळे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. झोपलेल्या जंतूंसाठी रिपोर्ट येईपर्यंत एक-दोन दिवस थांबले तरी चालते. क्लोरोक्विन मात्र थांबवायचे नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. "उन्हात काम केलं, पाणी कमी पडलं," म्हणून त्याने पुढची गोळीही घेतली. ही दुसरी चूक, आणि जास्त महागात पडणारी. पाणी कमी पडल्यावर लघवी गडद पिवळी होते आणि भरपूर पाणी प्यायल्यावर निवळते. पेशी फुटल्यावर ती तांबूस-काळपट होते. सोबत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, छाती धडधडते, कंबर किंवा पोट दुखते. यातले काहीही दिसले, विशेषतः पहिल्या आठवड्यात, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरी पाणी पिऊन वाट बघत बसू नका. तिथे हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि लघवी तपासतात. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसतात, ही महत्त्वाची खूण आहे. गरज पडली तर रक्त चढवावे लागते.

तिसरी चूक अशा वेळी केलेल्या जी-६-पी-डी तपासणीत होते. जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात. नव्या पेशींमध्ये ते जास्त असते. म्हणून "नॉर्मल" रिपोर्ट खोटा ठरू शकतो. रक्त चढवल्यावरही तसेच. त्या कागदावर विसंबून गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

बायकांच्या बाबतीत साध्या "आहे-नाही" तपासणीतून अर्धवट कमतरता निसटू शकते. त्यांच्यासाठी एन्झाइमचे प्रमाण मोजणारी तपासणी अधिक भरवशाची. गरोदरपणात प्रायमाक्विन देतच नाहीत, कारण पोटातल्या बाळाचे एन्झाइम तपासता येत नाही.

कमतरता निघालीच तर रोजच्या गोळ्या नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, असे ८ आठवडे देण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. आपल्या ६० किलोच्या मजुराला दर वेळी ४५ मिलिग्रॅम, तेही त्यांच्या देखरेखीखाली, हिमोग्लोबिन बघत.