भंगार लाकडातलं पहिलं रॅक : या चुका टाळा

नवीन माणूस सुतारकाम सुरू करतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलं काम भिंतीवरचं छोटं रॅक असतं. दोन उभ्या बाजू, दोन आडव्या फळ्या, पॅकिंगच्या खोक्याचं किंवा जुन्या पॅलेटचं लाकूड, आणि हत्यारं म्हणजे करवत, हातोडी, गुण्या, स्क्रू ड्रायव्हर नि एखादं हातड्रिल. एवढ्यात छान रॅक होतं. पण मला जी रॅकं "बघा ना, काय चुकलं" म्हणून दाखवायला आणतात त्यातली निम्म्याहून जास्त एकाच जागी चुकलेली असतात, आणि ती जागा कापण्याच्या आधीची आहे. म्हणून आधी त्याच्यावरच बोलतो, बाकीच्या चुका नंतर.

फळीची कड सरळच आहे असं धरून चालणं

दुकानातून रंधून आणलेल्या फळीच्या कडा बऱ्यापैकी सरळ आणि समांतर असतात. भंगारातल्या फळीला असला काही नियम नसतो. एक टोक अरुंद, मधे पोट सुटलेलं, कुठे पीळ पडलेला. आणि आपला उत्साही गडी काय करतो, तर गुण्या जी कड हाताशी येईल तिला टेकवतो आणि रेघ मारतो. या टोकाला डाव्या कडेवरून, त्या टोकाला उजव्या कडेवरून.

माझ्या पुतण्याने हेच केलं. फळी दीडशे मिलिमीटर रुंद, चारशे लांब, आणि एका टोकाला सहा मिलिमीटरने अरुंद. डोळ्याला ते दिसतही नाही. एका टोकाची रेघ एका कडेवरून, दुसऱ्या टोकाची दुसऱ्या कडेवरून, त्यामुळे कापल्यावर फळी पुढून ४०० आणि मागून ४०२ झाली. दोन मिलिमीटरने काय होतंय, म्हणून साहेबांनी तसंच जोडायला घेतलं. पुढे फट दिसली, ती मिटवायला स्क्रू जोरात पिळला, तर बाजूची फळी टोकापासून उभी चिरली. मग त्या चिरेत भुगा आणि गोंद कालवून भरला. मला दाखवताना म्हणतो, "काका, आता पॉलिश पेपर मारला की दिसणार पण नाही." भिंतीला लावल्यावर अख्खं रॅक एका अंगाला कललं, आणि चीर होती त्याच्या दुप्पट लांब झाली. भुगा-गोंदाचं मिश्रण खिळ्याचं भोक बुजवायला ठीक आहे, पण सांध्याचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

माझी सवय सांगतो. फळी हातात आली की एक डोळा मिटून कडेच्या लांबीवरून बघायचं, बंदुकीचा नेम धरतात तसं. पोट आणि खळगा लगेच कळतो. दोन कडांपैकी जी बरी असेल ती निवडायची आणि रंध्याने तिचं पोट काढायचं. रंधा नसेल तर एका सपाट फळीवर जाडा पॉलिश पेपर चिकटवून त्याने कड घासा, वेळ जास्त लागतो पण काम होतं. कडेला अगदी किंचित खळगा राहिला तरी चालतो कारण गुण्या दोन ठिकाणी टेकतो आणि हलत नाही, पोट राहिलं तर मात्र गुण्या डुगडुगतो आणि प्रत्येक रेघ वेगळ्या कोनात येते. कड तयार झाली की तिच्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि त्या फळीवरची प्रत्येक आडवी रेघ, अगदी प्रत्येक, त्याच फुलीच्या कडेवर गुण्या टेकवून काढायची. दुसऱ्या कडेकडे बघायचंच नाही.

हे बरोबर जमलं का ते कसं ओळखायचं? फळीच्या वरच्या अंगावर रेघ काढा आणि ती कडांवरून खालच्या अंगापर्यंत फिरवत न्या. खालच्या अंगावरची रेघ दुसऱ्या कडेवरच्या रेघेला नेमकी भेटली तर ठीक. मिलिमीटरभरही चुकली तर करवत खाली ठेवा, एकतर कड खराब आहे नाहीतर गुण्या. गुण्या तपासायला सरळ कडेवर तो टेकवून एक रेघ काढा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ काढा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, वरती फाकल्या तर तो खोटा. खाली पडलेला गुण्या मी हे केल्याशिवाय वापरत नाही.

जाडी विसरणं

याला जास्त जागा देत नाही, पण रोजची चूक आहे. समजा आडव्या फळ्या ४०० लांब आहेत, आणि बाजूच्या फळ्या १८ जाडीच्या. रॅक बाहेरून ४३६ होणार. जागा ४२० ची असेल तर आडवी फळी ३८४ ची कापायला हवी होती. आणि भंगारात एक फळी १८ तर दुसरी २१ असते, तेव्हा प्रत्येक फळी मोजा. त्याहून बरं म्हणजे पहिली आडवी फळी नीट झाली की दुसरी तिच्यावर ठेवून खूण करा, टेपला हातच लावू नका. दोन्ही अचूक चारशे नसल्या तरी चालतात, एकमेकींइतक्या हव्यात.

कापताना करवत रेघेच्या बाहेर, टाकून द्यायच्या बाजूला चालवायची. साध्या करवतीची चीर दीड-दोन मिलिमीटर लाकूड खाते, रेघेवरच चालवलीत तर फळी आखूड.

फळीच्या टोकाला, भोक न पाडता स्क्रू मारणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. लाकूड चिरतं ते त्यातल्या तंतूंच्या रेषांच्या बाजूने, आणि टोकाजवळ त्याला धरून ठेवायला पुढे लाकूडच नसतं. आडवी फळी बाजूच्या अगदी वरच्या टोकाशी लेव्हल करून लावली, तर १८ च्या फळीच्या मधोमध जाणारा स्क्रू बाजूच्या टोकापासून जेमतेम ९ मिलिमीटरवर येतो. सुकलेलं जुनं लाकूड तिथे फाटणारच. पुतण्याचं तेच झालं.

यावर माझा उपाय म्हणजे डिझाइनच बदलायचं. बाजूच्या फळ्या वर आणि खाली तीस-तीस मिलिमीटर जास्त ठेवा. आतली उंची ३०० हवी असेल तर ३०० अधिक दोन फळ्यांचे ३६ अधिक टोकांचे ६०, म्हणजे बाजू ३९६ ची. स्क्रू आता टोकापासून जवळपास चाळीस मिलिमीटर आत गेला. दिसायलाही बरं दिसतं.

भोकांचं तर लोक ऐकतच नाहीत. "लाकूड मऊ आहे, सरळ जाईल." जाईल हो, पण त्यासाठी दोन भोकं लागतात आणि दोन्ही वेगळ्या मापाची. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला बाजूच्या फळीत चारचं, किंवा कणभर सैल भोक, ज्यातून स्क्रू हाताने ढकलला तरी सरकेल. आडव्या फळीच्या टोकात अडीचचं, ज्यात आटे लाकूड पकडतील. बाजूच्या फळीत भोक बारीक ठेवलंत तर आटे दोन्ही फळ्यांना एकदम पकडतात, आणि मधे फट असेल तर स्क्रू कितीही पिळा, फट तशीच राहते. स्क्रू गच्च बसलाय आणि फट मिटत नाहीये असं दिसलं की जोर लावू नका, स्क्रू बाहेर काढा आणि बाजूच्या फळीतलं भोक मोठं करा. गाठीजवळ भोक पाडू नका, ड्रिल घसरतं.

आणखी एक. फळीच्या टोकात, म्हणजे रेषा जिथे कापल्या गेल्यात तिथे, स्क्रूची पकड मुळातच कमी असते. १८ च्या बाजूतून जाणारा स्क्रू ५० चा घ्या, म्हणजे ३२ आत जातो. गोंद टोकावर आधी पातळ हात मारून थोडा शोषू द्या, मग दुसरा हात द्या, नाहीतर सगळा लाकूड पिऊन टाकतं आणि सांध्यात काहीच उरत नाही. वजन ठेवायचं असेल, पुस्तकं वगैरे, तर आडव्या फळीखाली एक पट्टी बाजूला आतून स्क्रूने लावा. भंगारात असल्या पट्ट्या भरपूर निघतात, आणि मग वजन पट्टी घेते.

गोंद सुकल्यावर काटकोन बघणं

गोंद ओला असतानाच कर्ण मोजायचे. आतून ४०० बाय ३०० असेल तर दोन्ही कर्ण ५०० यायला हवेत. टेप आतल्या कोपऱ्यात नीट बसत नाही म्हणून मी दोन बारीक पट्ट्या घेतो, एकेक टोक टोकदार केलेल्या, एकावर एक सरकवून एका कर्णात अडकवतो आणि मधे चिमटीत धरून तशाच दुसऱ्या कर्णात लावून बघतो. समजा एक ५०६ आणि दुसरा ४९४ निघाला, तर ५०६ च्या दोन कोपऱ्यांना बाहेरून दोरी बांधायची, दोरीत काडी घालून पीळ द्यायचा आणि तो कर्ण ५०० वर आला की थांबायचं. क्लॅम्प नाही म्हणून रडणाऱ्यांनी दोरी-काडी वापरून बघावी.

तरीही चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंवर रॅक काटकोनात टिकत नाही. वरच्या फळीखाली, मागच्या बाजूला, पन्नास-साठ मिलिमीटर रुंद पट्टी आडवी लावून ती दोन्ही बाजूंना आणि वरच्या फळीलाही स्क्रू करा. भिंतीचे स्क्रू त्याच पट्टीतून जाऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

खिळा उपटायच्या आधी टोकाकडून ठोकून डोकं वर आणा, मग अंबुराखाली लाकडाचा तुकडा ठेवून काढा, नाहीतर फळीत खड्डा पडतो. तुटका खिळा आत राहिलाय का ते लोहचुंबक फिरवून बघा, रंध्याचं पातं एका खिळ्यात जातं.

पॅलेटवर एमबी असा शिक्का असेल तर ते लाकूड घेऊ नका, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालतं. जुना रंग असलेलं लाकूड घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

ओलं लाकूड आज काटकोनात बसवलंत तरी सुकताना रुंदीत आकसणार. घरात आणून काही आठवडे हवेशीर रचून ठेवा. हे वाक्य वाचून पुढे सरकणारेच नंतर विचारतात की सांधा उघडला कसा.

करवत दाबू नका. दाबावी लागत असेल तर ती बोथट आहे.

पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच. आडवा मारलात तर ओरखडे पॉलिशचा हात दिल्यावर दिसतात, आणि तेव्हा सगळं परत घासावं लागतं.